एकाच शीटवर सूर्य आणि वारा: सनपाथ आणि विंड रोज कुठून आले

इमारत आखण्याआधी जागा तपासतात त्या साइट अ‍ॅनालिसिसच्या शीटवर हल्ली सूर्याचा आकाशातला वर्षभराचा मार्ग दाखवणारा सनपाथ आणि कुठल्या दिशेनं किती वेळ वारा येतो ते पाकळ्यांनी दाखवणारा विंड रोज शेजारी शेजारी बसलेले असतात, दोन्ही गोल, दोन्ही एकाच सॉफ्टवेअरमधून दोन क्लिकमध्ये निघालेले, त्यामुळे दोघांवर सारखाच विश्वास टाकला जातो. पण यांचे इतिहास पार वेगळे आहेत. एक निव्वळ भूमिती आहे आणि दुसरी नोंदींची गोळाबेरीज, तीही भलत्याच कामासाठी केलेली.

सूर्याचं आधी उरकतो, कारण तिथं भांडण कमी आहे. आकाशाचा घुमट सपाट कागदावर उतरवायची युक्ती अ‍ॅस्ट्रोलेब हे ग्रहताऱ्यांची उंची मोजायचं जुनं यंत्र वापरणाऱ्यांना शेकडो वर्षांपूर्वीच माहीत होती. इमारतीसाठी तिचा वापर मात्र मुख्यतः विसाव्या शतकातला, आणि 1957 मध्ये अमेरिकेत आलेल्या सूर्यनियंत्रणावरच्या एका पुस्तकानंतर सनपाथवर आकाशाचा झाकलेला भाग दाखवणारा शेडिंग मास्क ठेवून छज्जा तपासायची पद्धत आर्किटेक्चरच्या शिक्षणात चांगलीच रुजली. गोंधळ झाला तो प्रोजेक्शनचा, म्हणजे घुमट कागदावर कुठल्या रीतीनं उतरवायचा याचा. काही ठिकाणी समान अंतराच्या वर्तुळांचा चार्ट चालायचा, काही ठिकाणी स्टिरिओग्राफिक, आणि लोक एकाचा पारदर्शक प्रोट्रॅक्टर दुसऱ्यावर ठेवायचे. समान अंतराच्या चार्टवर 45 अंश उंचीचं वर्तुळ केंद्र आणि कडेच्या बरोबर मध्ये येतं, स्टिरिओग्राफिकमध्ये ते त्याहून आत असतं. त्यामुळे समान अंतराच्या चार्टवर स्टिरिओग्राफिक प्रोट्रॅक्टर ठेवला की 45 अंशावरचा सूर्य साधारण 37 अंशावर वाचला जायचा आणि छज्जा उगाच लांब निघायचा. सॉफ्टवेअर आल्यावर ही भानगड मिटली.

भूमिती असल्यामुळे सनपाथ अक्षांशावरून कुठंही अचूक निघतो. 20 अंश उत्तर घ्या. 21 डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण 46.5 अंशावर असतो, पण 21 जूनला तो डोक्यावरून ओलांडून उत्तरेकडे जातो आणि सकाळी उगवतोच पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला. म्हणजे उत्तरेच्या भिंतीला ऊन लागत नाही हे थंड देशांतल्या पुस्तकांतून आलेलं वाक्य इथं उन्हाळ्यात खोटं ठरतं. हे कळायला साइटवर एक दिवसही उभं राहावं लागत नाही.

वाऱ्याचं तसं नाही. रोमन काळातल्या वास्तुग्रंथात रस्ते वाऱ्याच्या थेट तोंडावर आखू नका असा सल्ला होता, अथेन्समध्ये आठ वाऱ्यांच्या मूर्ती कोरलेला अष्टकोनी बुरूज आजही उभा आहे, पण यातलं काही मोजलेलं नव्हतं. मोजणीला जोर आला जहाजांमुळे. 1840 च्या दशकात अमेरिकन नौदलातल्या एका अधिकाऱ्यानं जुनी लॉगबुकं गोळा करून समुद्राचा कुठला भाग, कुठला महिना आणि कुठल्या दिशेचा वारा असे नकाशे बनवले. महिना महत्त्वाचा होता, कारण जहाज कधी सोडायचं ते त्यावर ठरायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण नंतर नेमकी हीच हरवली.

विसाव्या शतकात विंड रोजचं मोठं गिऱ्हाईक झालं विमानतळ. धावपट्टीची दिशा ठरवताना आडवा वारा ठरलेल्या मर्यादेच्या आत वर्षातला किमान 95 टक्के वेळ राहिला पाहिजे असा नियम आला. विमान पहाटे तीनलाही उतरतं, जानेवारीतही उतरतं, म्हणून तिथं प्रत्येक तासाला सारखंच मोल देणं एकदम बरोबर आहे. वारा मोजायचा तोही मोकळ्या मैदानात 10 मीटर उंचीवर, कारण आजूबाजूच्या अडथळ्यांचा परिणाम नकोच असतो. आर्किटेक्टना नंतर आयता मिळाला तो बहुतेक वेळा हाच डेटा, आणि त्याच्यासोबत वर्षभराचा एकच विंड रोज काढायची सवयही.

या सवयीत काय बुडतं ते आकड्यांत बघू. समजा एका ठिकाणी चार महिने पावसाळी वारा असतो, म्हणजे 2928 तास, आणि त्यातले 80 टक्के नैर्ऋत्येचे. वर्षाच्या 8760 तासांत ही पाकळी एकटीच जवळपास 27 टक्के होते. आता त्याच ठिकाणी दोन महिने कडक उन्हाळा आहे आणि संध्याकाळचे सहा तास वायव्येकडून झुळूक येते, दररोज, अगदी न चुकता. ते झाले 366 तास, वर्षभराच्या रोजमध्ये 4 टक्के, म्हणजे दिसेल न दिसेल असा खुंट. डिझायनर मोठी पाकळी बघून खिडक्या नैर्ऋत्येला उघडतो, तिकडून पावसाचा मारा येतो म्हणून त्या चार महिने बंद राहतात, आणि ज्या वाऱ्यासाठी घरातले लोक संध्याकाळी जीव टाकतात त्या बाजूला टॉयलेटची कोरी भिंत. विंड रोज खोटं बोलला नाही, त्याला प्रश्नच धावपट्टीचा विचारला होता.

यावर आणखी एक थर चढला 1970 च्या दशकाच्या शेवटी, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला वादाचा निर्णय तोच. संगणकावर इमारतीचा वीजवापर काढायला एक नमुना वर्ष हवं होतं, म्हणून अनेक वर्षांच्या नोंदींतून प्रत्येक महिन्यासाठी त्यातल्या त्यात सरासरीला जवळचा महिना निवडून वेगवेगळ्या वर्षांतले बारा महिने जोडायचं ठरलं. निवडताना प्रत्येक घटकाला वजन दिलं. अमेरिकेतल्या मूळ पद्धतीत निम्मं वजन सूर्यकिरणांना, उरलेल्यातलं बरंचसं तापमान आणि दवबिंदूला, वाऱ्याच्या वेगाला सहावा भाग. पुढच्या आवृत्तीत वेगाचा वाटा अजून घटून दहावा झाला. आणि दिशेला काहीच नाही! एसीचा लोड काढायला हे चालतं, त्या कामापुरता निर्णय योग्यच होता. पण आज आपण हवामानाची जी `.epw` फाइल उतरवून विंड रोज काढतो ती बऱ्याचदा याच घराण्यातली असते, म्हणजे त्यातला एप्रिल हा उन्हाच्या हिशोबानं प्रातिनिधिक असतो, वाऱ्याची दिशा मात्र त्या एका वर्षी जी होती ती. तो एप्रिल वाऱ्याच्या बाबतीत विचित्र निघाला तर फाइल बघून कळत नाही. ओळखायचा मार्ग एकच, त्याच केंद्राच्या दहा-पंधरा वर्षांच्या तासातासाच्या नोंदी घेऊन त्याच महिन्याचा रोज काढायचा आणि शेजारी ठेवायचा.

वेगाचंही असंच. मोकळ्या मैदानात 10 मीटरवर 4 मीटर प्रति सेकंद असलेला वारा, उपनगरी वस्तीत 3 मीटर उंचीच्या खिडकीपाशी नेहमीच्या सूत्रानं साधारण 2.2 उरतो, आणि समोर उंच इमारत असेल तर सूत्रही सोडून द्यायचं, कारण मग दिशाच बदलते.

गेल्या काही वर्षांत टूल्समध्ये महिना, तास आणि तापमानाचा फिल्टर लावता यायला लागलाय, म्हणजे फक्त 30 अंशांच्या वरचे तास घेऊन विंड रोज काढता येतो. जहाजवाले जे महिन्यामहिन्यानं करायचे त्याकडे आपण इतक्या फेऱ्यानं परत आलो. पण फिल्टर जितका बारीक तितके तास कमी, आणि एकाच नमुना वर्षातले शे-दीडशे तास उरले की सोळा दिशांना वाटून प्रत्येकीला सहा ते नऊ तास येतात, त्यावर कोणी पाकळीचा आकार वाचायला जाऊ नये. तेव्हा सोळाच्या आठ दिशा करा नाहीतर जास्त वर्षं घ्या, आणि वारा नसलेल्या शांत तासांचा टक्का मधल्या वर्तुळात लिहिलाय का ते आधी बघा, बरेच विंड रोज तो गाळून टाकतात आणि उरलेल्या तासांचेच 100 टक्के करून दाखवतात.