चकती सकाळची, प्लेट रात्रीची

रेस्टॉरंटच्या किचनमध्ये चॉकलेट टेम्पर करण्याचं, म्हणजे ते ठरावीक तापमानांतून नेऊन टणक आणि चकचकीत गोठेल असं करण्याचं, काम सकाळी उरकतात. शेगड्या पेटायच्या आत, कोणी कांदा परतायला घ्यायच्या आत. रात्री त्याच चॉकलेटची चकती प्लेटवर उभी राहते तेव्हा टेम्परिंगचं भांडं धुऊन केव्हाच जागेवर गेलेलं असतं. नवीन मुलांना ही वेळ म्हणजे शेफची लहर वाटते. खरं तर तिच्यामागे दोन वेगवेगळे इतिहास आहेत, एक कोको बटरचा आणि एक वाढण्याच्या पद्धतीचा. दोन्ही एकमेकांना फार उशिरा भेटले, आणि भेटले ते एका छोट्या काउंटरवर.

चॉकलेट शेकडो वर्षं प्यायची गोष्ट होती. गरम पेयात कोकोची चरबी तवंगासारखी वर यायची, ती घुसळून मिसळायची, एवढाच तिचा त्रास. 1828 मध्ये नेदरलँड्समध्ये व्हान हौटेन यांच्या दाबयंत्राला पेटंट मिळालं आणि भाजलेल्या कोकोतून ही चरबी बाजूला काढता येऊ लागली. हेतू होता हलकी, सहज मिसळणारी पावडर करण्याचा. पण हाताशी आलेल्या कोको बटरचा उपयोग पुढे निघालाच. 1847 मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोको आणि साखरेत वितळलेलं कोको बटर घालून साच्यात ओतता येईल असा लगदा केला. तो थंड झाला की खायची वडी तयार. 1879 मध्ये बर्नमध्ये रोडॉल्फ लिंटने कॉन्च हे घोटण्याचं यंत्र वापरात आणलं. तासन्‌तास घोटल्यावर खरखरीत चॉकलेट रेशमासारखं वाहू लागलं. पातळ थर देणं, साच्यात पोकळ कवच करणं हे सगळं या वाहतेपणामुळे शक्य झालं.

इथेच डोकेदुखीही सुरू झाली, कारण कोको बटरला गोठण्याचा एकच मार्ग ठाऊक नाही. तीच चरबी स्फटिकांच्या सहा वेगवेगळ्या घडणींत गोठू शकते, आणि प्रत्येक घडण वेगळ्या तापमानाला वितळते. पहिली साधारण 17 अंश सेल्सियसला, चौथी 27च्या आसपास, पाचवी 34च्या जवळ, सहावी 36च्या पुढे. आपल्याला हवी असते पाचवी. ती खोलीत टणक राहते, मोडताना कट्‌ असा आवाज करते आणि तोंडात मात्र विरघळते. गोठताना ती थोडी आकसते, म्हणून साच्यातून आपसूक सुटते. 1912 मध्ये ब्रसेल्समध्ये नॉयहाउस यांनी सारण भरलेलं कवचाचं प्रालीन बाजारात आणलं. तसलं कवच साच्यातून अखंड बाहेर येतं ते या आकसण्यामुळेच.

वितळलेलं चॉकलेट नुसतं ठेवून दिलं तर बहुतेक चौथ्या घडणीत अडकतं. तेव्हा ते मऊ असतं, बोट लावलं की डाग पडतो. पुढच्या काही दिवसांत ते आपलं आपण पाचवीकडे सरकतं, पण वेडंवाकडं. त्या धडपडीत चरबी पृष्ठभागावर येते आणि करड्या-पांढऱ्या रेघा उमटतात. यालाच ब्लूम म्हणतात. ती बुरशी नव्हे, खाल्लं तर अपाय नाही, पण प्लेटवर ठेवायची लाज वाटते.

गंमत अशी की या सहा घडणींचा स्वच्छ नकाशा विल आणि लटन या संशोधकांनी 1966 मध्ये मांडला. कारागीर मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून संगमरवरावर चॉकलेट पसरत होते, पात्याने गोळा करत होते आणि खालच्या ओठाला लावून पाहत होते. ओठाला किंचित गार लागलं की काम सुरू. आज थर्मामीटर लावून पाहिलं तर ते ‘किंचित गार’ म्हणजे 31-32 अंश निघतं, म्हणजे ओठाच्या उबेपेक्षा जरासं कमी. विज्ञानाने इथे नवी पद्धत दिली नाही, जुनीचं कारण सांगितलं. डार्क चॉकलेट आधी 45 ते 48 अंशांपर्यंत वितळवायचं, म्हणजे जुने सगळे स्फटिक पुसले जातात. मग 27-28 पर्यंत उतरवायचं, तेव्हा चौथे आणि पाचवे दोन्ही जन्मतात. मग पुन्हा 31-32 पर्यंत चढवायचं. या उबेला चौथे वितळून जातात, पाचवे टिकतात आणि बाकीच्या चरबीला आपल्या वळणावर नेतात. मिल्क चॉकलेटला हे शेवटचं तापमान अंश-दोन अंश कमी लागतं, व्हाइटला त्याहून जरा कमी, कारण दुधातली चरबी सगळा व्यवहारच मऊ करते.

आता दुसरा इतिहास. जुन्या फ्रेंच पद्धतीत पदार्थ एकदम टेबलावर मांडले जात. गोडाचं काम मिरवायचं असे. साखरेचे मनोरे आणि देखावे त्यासाठीच. 19व्या शतकात एकामागून एक पदार्थ वाढण्याची रशियन पद्धत रुळली आणि गोड शेवटी, वेगळं येऊ लागलं. फ्रेंच शेफ एस्कॉफिए 1890 मध्ये लंडनच्या सव्हॉय हॉटेलात आला. किचनची कामं विभागवार वाटून देण्याची शिस्त त्याच्या नावाने ओळखली जाते. त्या रचनेत पॅटिसिएचा, म्हणजे गोड करणाऱ्या शेफचा, विभाग वेगळा असे. तरीही गोड बहुधा आख्खंच बाहेर जाई, थाळीत किंवा ट्रॉलीवरून, आणि त्याचे तुकडे टेबलाशी होत.

खरा बदल 1960-70च्या दशकांत झाला. फ्रान्समधल्या नव्या पिढीच्या शेफांनी पदार्थ किचनमध्येच प्लेटवर मांडायला घेतला. गो आणि मियो या समीक्षकांनी 1973 मध्ये त्या चळवळीला नूव्हेल क्विझीन या नावाने जाहीरनामाच लिहून दिला. वाढण्याचं काम वेटरच्या हातून शेफच्या हाती आलं. याचा सगळ्यात मोठा भार, माझ्या मते, गोडाच्या विभागावर पडला. कारण केक कापून देणं वेगळं आणि पाच-सहा घटक वेगवेगळ्या तापमानाला सांभाळून चार मिनिटांत एका प्लेटवर आणणं वेगळं. त्यासाठी पासच्या, म्हणजे तयार प्लेट वेटरच्या हाती जाते त्या काउंटरच्या, जवळ जागा लागते, आणि पासच्या जवळ उष्णता असते.

यावरचा सगळ्यात हुशार तोडगा फ्रेंच शेफ मिशेल ब्रासचा. 1981 मध्ये त्याने फ्रान्समधल्या लागिओलला आपला कुलाँ केला, म्हणजे आत वाहतं चॉकलेट असलेला गरम केक. आज याच्या हजार नकला आहेत आणि बहुतेक नकलांमध्ये आतला भाग म्हणजे कच्चं राहिलेलं मिश्रण असतं. ब्रासचा मार्ग वेगळा होता. त्याने गनाशचा, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाचा, गोळा गोठवला, भोवती मिश्रण घातलं आणि मग भाजलं. बाहेरचं शिजेपर्यंत आतला गोळा वितळतो. इथे नाजूक काम फ्रीझरच्या हवाली करून टाकलेलं आहे, रात्रीच्या माणसाला फक्त घड्याळ पाहायचं असतं. छोटं डेझर्ट स्टेशन चालतं ते याच विचारावर.

एक उदाहरण घेऊ. रात्री चाळीस प्लेट जायच्या आहेत. चॉकलेट टार्टचा तुकडा, बाजूला आइस्क्रीम, त्यावर तिरकी उभी केलेली सहा सेंटिमीटर व्यासाची डार्क चॉकलेटची चकती. दीड मिलिमीटर जाडीची अशी चकती साधारण साडेपाच ग्रॅमची होते. मोडतोड धरून पन्नास कापायच्या म्हटल्या तरी पावणेतीनशे ग्रॅम चॉकलेट पुरतं. पण टेम्पर करायचं ते एक किलो. तीनशे ग्रॅमचं भांडं हातात घेऊन वळेपर्यंत दोन अंश उतरतं, किलोभर चॉकलेट आपली ऊब धरून ठेवतं. उरलेलं कागदावर ओतून गोठवायचं, पुढच्या वेळी कामी येतं.

सातशे ग्रॅम 46 अंशांपर्यंत वितळवलं, आच काढली आणि बारीक चिरलेलं, चकाकी असलेलं तीनशे ग्रॅम थोडं थोडं घालत ढवळलं. चिरलेल्या चॉकलेटमध्ये पाचव्या घडणीचे स्फटिक तयारच असतात, विरजणासारखं काम करतात. म्हणून या पद्धतीत 27 पर्यंत उतरायची गरज नाही, थेट 32 वर थांबता येतं. पॅलेट नाइफचं टोक बुडवून 20 अंशांच्या खोलीत ठेवायचं. तीन ते पाच मिनिटांत मंद चमक घेऊन, रेघांशिवाय गोठलं तर टेम्पर बसलं. दहा मिनिटांनीही ओलं असेल तर स्फटिक कमी आहेत, अजून थोडं चिरलेलं घालायचं. काम करता करता चॉकलेट दाट होऊ लागलं तर उलटी तक्रार, स्फटिक वाढत चाललेत. तेव्हा घाबरून भांडं आचेवर ठेवणारे सगळंच वितळवून बसतात. त्याऐवजी 45 अंशांचं दोन चमचे चॉकलेट मिसळलं की पुन्हा वाहतं.

पातळ थर अ‍ॅसिटेटच्या पारदर्शक कागदावर पसरायचा. तो बोटाला चिकटत नाही पण दाबला तर दबतो, एवढ्याच अवस्थेत कटरने चकत्या कापायच्या. ही संधी दोन-तीन मिनिटांची असते. कापून झालं की वर दुसरा कागद आणि सपाट ट्रे. हे वजन विसरलात तर आकसताना चकत्यांच्या कडा पापडासारख्या वळतात.

तयार चकत्या बंद डब्यात, 16 ते 18 अंशांत. फ्रिजमध्ये नाही. फ्रिजमधून काढलेल्या चकतीवर दव धरतं, त्यात साखर विरघळते आणि सुकल्यावर खरखरीत पांढरा थर उरतो. हाही ब्लूमच, पण साखरेचा. बोट फिरवलं की फरक कळतो. चरबीचा ब्लूम बोटाच्या उबेने नाहीसा होतो, साखरेचा तसाच राहतो.

रात्रीच्या स्टेशनला दीड मीटर काउंटर पुरतो. खाली 4 अंशांचा फ्रिज, त्यात टार्ट. शेजारी छोटा फ्रीझर, पण उणे 18 वर नाही. तिथे आइस्क्रीम दगड होतं आणि चमच्याने वळत नाही. सर्व्हिसपुरतं ते उणे 12 ते 14 वर आणून ठेवायचं. चकत्यांचा डबा फ्रीझरच्या मोटारीपासून लांब. मांडणीचा क्रम ठरलेला: सॉस, टार्ट, बिस्किटाचा चुरा, त्यावर आइस्क्रीम म्हणजे घसरत नाही, आणि चकती अगदी शेवटी, वेटर समोर उभा राहिल्यावर.

एवढं सगळं नीट करूनही मी एकदा तोंडघशी पडलो आहे. किचन लहान, म्हणून माझं स्टेशन भांडी धुण्याच्या मशीनला खेटून होतं. सकाळच्या चकत्या आरशासारख्या होत्या. पहिल्या आठ प्लेट झकास गेल्या. नंतर चकत्या उभ्या राहीनात. टेकवली की तळाची कड मऊ पडायची आणि चकती हळूच वाकायची. मी टेम्परला दोष देत नवी चकती, मग आणखी नवी, असं करत राहिलो. सात-आठ वाया गेल्यावर सहकाऱ्याने नुसता प्लेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. प्लेटचा पहिला गठ्ठा दुपारचा होता, तो संपल्यावर धुणारा मुलगा मशीनमधून निघालेल्या प्लेट थेट माझ्या फळीवर रचत होता. चिनी मातीची प्लेट चाळीस अंशांची असेल तर चौतीसला वितळणारी चकती दुसरं काय करणार? त्या रात्री आम्ही वीस प्लेट फ्रिजमध्ये कोंबल्या, टार्टचे ट्रे एकावर एक चढवले, आणि दुसऱ्या दिवशी मशीन व स्टेशनच्या मध्ये प्लेट गार होण्यासाठी एक रिकामी फळी ठोकून घेतली.