पीटीचे तीनशे रुपये: पहिल्या पगाराच्या गोष्टीमागची पार्श्वभूमी

ज्या कथेबद्दल हे लिहितोय ती गोष्ट तशी छोटीये. तासगावकडच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पोरगं १ फेब्रुवारीला क्लार्क म्हणून लागलं, सीझन तोंडावर आलेला, मालाच्या पावत्या करायला माणूस पाहिजेच होता, पगार ठरला १८,००० रुपये. मार्चच्या सात तारखेला संध्याकाळी बँकेचा मेसेज आला, १६,१२५ जमा. वडलांनी आधीच वहीत अठरा हजार लिहून त्याखाली भिशी, किराणा, मोटारसायकलचा हप्ता आणि गणपतीला पेढे असं सगळं मांडून ठेवलेलं. मग पोराने मोबाईलवर पगाराची स्लिप उघडली आणि घरात तासभर १,८७५ रुपये कुठं गेले याचाच हिशोब चालला.

स्लिपवर तीन कपाती होत्या. पीएफ १,४४०, ईएसआय १३५ आणि पीटी ३००. पहिल्या दोन फार ताणल्या गेल्या नाहीत. पीएफ म्हणजे बेसिकच्या १२ टक्के, बेसिक १२,००० धरलेला म्हणून १,४४०, आणि हे पैसे आपलेच, पुढं मिळतात हे कुणाला सांगावं लागत नाही. ईएसआय म्हणजे १८,००० वर पाऊण टक्का, त्याच्या बदल्यात दवाखाना, तोही घरच्यांसकट. गाडी अडली ती तिसऱ्या आकड्यावर. पोराने सांगितलं, "प्रोफेशनल टॅक्स हाय, व्यवसाय कर." वडील म्हणाले, "तुझा कसला रं व्यवसाय? नोकरी करतूयास न्हवं तू?"

हा प्रश्न अडाणीपणाचा अजिबात नाही. मी सांगली-मिरजेतल्या छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं बरीच वर्षं केली आणि नवीन लागलेल्या जवळजवळ प्रत्येक पोराने हाच प्रश्न विचारलेला आठवतोय. म्हणून त्या गोष्टीपेक्षा ह्या एका शब्दामागं काय आहे ते जरा नीट लिहितो.

कायद्याचं पूर्ण नाव बघितलं की उलगडा होतो. राज्याचा १९७५ चा हा कायदा व्यवसाय, व्यापार, आजीविका आणि नोकऱ्या यांवरील कराचा आहे. चार शब्द आहेत आणि आपल्या पोराला लागू होतो तो शेवटचा, नोकऱ्या. पण एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून पहिला शब्द तेवढा राहिला आणि नोकरदाराच्या स्लिपवर व्यवसाय कर आला, त्याचं पुढं पीटी झालं. माझं मत विचाराल तर याला सुरुवातीपासून नोकरी-धंदा कर म्हटलं असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती.

पण हे चार शब्द आले कुठून, हा खरा गुंता आहे. इन्कम टॅक्स बसवायचा अधिकार केंद्राचा (शेतीचं उत्पन्न सोडून), राज्याला तो बसवता येत नाही. आता बघा, पगार किती त्यावर कपात किती ठरते, मग हा इन्कम टॅक्सच झाला की! हा वाद इंग्रजांच्या काळातच उठलेला, तेव्हा वर्षाला पन्नास रुपयांची मर्यादा घालून तो मिटवला. पुढं राज्यघटनेत कलम २७६ आलं. त्यात म्हटलंय की असा कर उत्पन्नाशी संबंधित आहे एवढ्याच कारणावरून तो बेकायदा ठरणार नाही, मात्र एका माणसाकडून वर्षाला २५० रुपयांच्या वर घ्यायचा नाही. म्हणजे हा कर दिसतो उत्पन्नावरचा, पण कायद्याच्या भाषेत तो काम करण्यावरचा आहे. तुम्ही कामधंदा करता म्हणून हा कर, आणि पगाराचा आकडा फक्त कोणत्या पायरीवर बसवायचं ते ठरवायला. नाव बदलता येत नाही ते पण त्यामुळंच. उत्पन्नावरचा कर असं कुठं लिहिलं की राज्याच्या हातातून गेलाच.

आता १९७५ लाच का. याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि सांगलीत पगार घेणाऱ्या पोरांना ते माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे एक ज्येष्ठ नेते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. गावात ज्याला काम पाहिजे त्याला सरकारने काम द्यायचंच, ही कल्पना त्यांनी लावून धरली आणि १९६५ च्या सुमारास तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातच झाला. १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली, तेवढ्यात मोठा दुष्काळ पडला आणि सगळीकडं दुष्काळी कामंच सुरू झाली. दुष्काळ सरल्यावर रोजगार हमी परत उभी करायची तर दरवर्षी हक्काचा पैसा पाहिजे, तो आणायचा कुठून? तर ज्यांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्यांच्याकडून थोडा, आणि जमा होईल तेवढीच भर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालायची. नोकरदारांकडून पैसा घेण्याचा तो रस्ता म्हणजे हा कर. रोजगार हमीचा स्वतंत्र कायदा त्यानंतर, १९७७ चा. म्हणजे पैसे गोळा करायचा कायदा आधी झाला आणि कामाचा हक्क देणारा नंतर.

गोष्टीत हे कळतं ते आज्जीमुळं. ती आटपाडीकडची. पीटीवरून बापलेकाचं चाललेलं असताना ती कोपऱ्यात लसूण सोलत बसलेली. रोजगार हमी हा शब्द कानावर पडल्यावर ती एवढंच बोलते, "आमी व्हतो की तळ्याच्या कामाव. पाटीनं माती वडायची, पोरगं बाभळीखाली झोळीत, आन आठवड्याला मस्टरवर आंगठा." झोळीतलं पोरगं म्हणजे वहीत हिशोब मांडणारे आत्ताचे वडील. लेखकाने हे कुठं फोडून सांगितलेलं नाही, दोन ओळीत येऊन जातं, आणि मला वाटतं ते बरोबर केलं. पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडून केलेले रस्ते, आटपाडी-जत-कवठेमहांकाळ पट्ट्यात अशा कामांवर ज्यांची घरं चालली त्यांची नातवंडं आता पीटी भरतायत.

पुढचा भाग मात्र इतका सरळ नाही. १९८८ मध्ये घटनादुरुस्ती होऊन २५० ची मर्यादा थेट २,५०० झाली आणि ती आजपण तेवढीच आहे. स्लिपवर तीनशे का, याचं कारण इथंच. महिन्याला २०० प्रमाणे अकरा महिन्यांचे २,२०० होतात, २,५०० ची मर्यादा पूर्ण गाठायची तर ३०० उरतात, ते फेब्रुवारीत घेतात. पोरगं नेमकं फेब्रुवारीत लागलं म्हणून पहिलीच स्लिप तीनशेची. मालकाने जास्त कापले असं वडलांना वाटलं ते चुकीचं होतं, पण स्लिपवर हे कुठं लिहिलेलं नसतं त्याला ते तरी काय करणार.

पायऱ्या बघितल्या तर पुरुषाचा महिन्याचा पगार ७,५०० पर्यंत असेल तर काही नाही, १०,००० पर्यंत १७५, त्याच्या वर सगळ्यांना सरसकट वर्षाचे २,५००. ह्या पायऱ्या पूर्ण पगारावर मोजतात, पीएफसारख्या बेसिकवर नाही. आता दहा हजारांच्या आत आज कोण काम करतंय? आपल्या क्लार्कचे वर्षाचे २,१६,००० होतात, त्यातले २,५०० म्हणजे सव्वा टक्क्याला थोडे कमी. महिन्याला दोन लाख घेणाऱ्या साहेबाचे पण २,५००च, त्याच्या वर्षाच्या २४ लाखांतून हे जेमतेम एक टक्क्याचा दहावा भाग पडतात. घटनेची मर्यादा गरिबावर जास्त बोजा पडू नये म्हणून उपयोगी पडली असेल, पण तीच मर्यादा आज वरच्या पगारवाल्याला सांभाळते, मला हे पटत नाही आणि कधीच पटलेलं नाही.

गोष्टीत चुलत बहीण मिरजेत दवाखान्यात रिसेप्शनला आहे, पगार तिचाही अठरा हजार, पण तिच्या स्लिपवर पीटीची ओळ कोरी. त्यावरून पुन्हा संशय, की एक मालक कापतो आणि एक कापत नाही म्हणजे कुणीतरी फसवतंय. फसवणूक काही नाही. एप्रिल २०२३ पासून बायकांना महिन्याला २५,००० पर्यंत हा कर माफ आहे, त्याआधी ही माफी १०,००० पर्यंतच होती. पुरुषांची पायरी मात्र ७,५०० वरच राहिली. बायकांना दिलेली सूट चांगलीच आहे, पण एकाच घरात एकाच पगाराच्या दोन स्लिपा शेजारी ठेवल्या की प्रश्न पडणारच.

अजून एक गोष्ट, जी कथेत नाही पण पगारपत्रकं करताना मला कायम खुपायची. पीएफचं पासबुक पोराला स्वतःच्या नंबरवर मोबाईलवर दिसतं, ईएसआयचा पण त्याचा स्वतःचा नंबर असतो. पीटी मात्र मालकाच्या नोंदणी क्रमांकावर सगळ्या कामगारांची मिळून एकदम भरली जाते. त्यात आपल्या पोराचे तीनशे आहेत का हे त्याला कुठंच बघता येत नाही. एका ठिकाणी मी कामाला लागलो तेव्हा दीड वर्ष कपात चालू होती आणि भरणा शून्य, चाळीसएक माणसांची. कळलं कसं, तर कपातीचं रजिस्टर आणि बँकेची चलनं शेजारी ठेवली तेव्हा. कामगारांच्या स्लिपा सगळ्या बरोबर होत्या, त्यावरून कुणालाच काही कळलं नसतं. शेवटी मालकाला व्याज-दंडासकट भरावं लागलं. म्हणून स्लिप जपून ठेवावी, कापले होते एवढा तरी पुरावा आपल्याकडं राहतो.

आणि हे पैसे अजून मजुरीलाच जातात का? २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला आणि मजुरीचा मोठा वाटा केंद्राकडून यायला लागला. ज्या कारणासाठी हा कर बसवला त्याचा भार असा हलका झाला, कर मात्र हलला नाही. कर काढून टाकावा असं मी म्हणणार नाही, पण कशासाठी घेतोय हे स्लिपवर एका ओळीत लिहायला काय हरकत आहे?

गोष्टीच्या शेवटाबद्दल काहींना कोडं पडलंय, म्हणून तेवढं सांगतो. एप्रिलच्या सात तारखेला मेसेज येतो १६,२२५ चा आणि आई विचारते, "शंभर वाढलं व्हय रं?" पगार वाढलेला नाही, मार्चची पीटी दोनशे आहे. वडील वहीत १६,२२५ लिहितात आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात, पुढच्या वर्षासाठी, "फेब्रुवारी - १०० कमी" अशी नोंद करून ठेवतात.