कॉटलिन की फ्लटर? पाण्याच्या जारचं ॲप आणि मराठी पावती

समजा, कोपरखैरणे-घणसोली भागात २० लिटरचे पाण्याचे जार पुरवणारा एक व्यावसायिक आहे आणि त्याच्यासाठी तिघांची टीम आपलं पहिलं ॲप करायला घेते आहे. पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो: अँड्रॉइडपुरतं कॉटलिन भाषेत लिहायचं, की फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह घेऊन एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही साधायचे? बहुतेक वेळा ही चर्चा भाषा कुठली सोपी आणि वेग कुणाचा जास्त इथेच अडकते. माझ्या मते सुरुवात वेगळ्या कागदापासून करावी. ॲप फोनच्या कुठल्या भागांना हात लावणार आहे, त्याची यादी आधी लिहून काढावी.

जार पोहोचवणाऱ्या मुलांसाठी ॲप करायचं असेल तर यादी साधारण अशी होते: आजच्या फेरीतली घरं, प्रत्येक घरी दिलेले भरलेले जार, परत घेतलेले रिकामे जार, मिळालेले पैसे, आणि कमरेला लावलेल्या छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर मराठीत पावती. शिवाय उंच इमारतींच्या तळघरात नेटवर्क जातं, तेव्हाही नोंद झाली पाहिजे. यातले पडदे मोजून चार-पाच. ते कशातही दोन आठवड्यांत उभे राहतात. खरं काम पडद्यामागे आहे, आणि दोन्ही मार्गांतला फरकही तिथेच कळतो.

कॉटलिनमध्ये लिहिलेला कोड थेट अँड्रॉइडच्या स्वतःच्या लायब्ररींशी बोलतो. ब्लूटूथ, फाइल, पार्श्वभूमीतलं काम, सगळं एकाच भाषेत एका हाकेवर असतं. २०१७ मध्ये गूगलने कॉटलिनला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून अँड्रॉइडच्या नव्या सोयी आधी कॉटलिनचा विचार करून येतात. रिॲक्ट नेटिव्हमध्ये कोड जावास्क्रिप्टचा, पण पडद्यावर येणारी बटणं आणि चौकटी त्या त्या फोनच्याच असतात. फ्लटरची तऱ्हा निराळी आहे. त्याला फोनकडून एक कोरा पडदा हवा असतो. त्यावरचं प्रत्येक बटण, प्रत्येक अक्षर फ्लटरचं स्वतःचं इंजिन रंगवतं, म्हणून दोन्हीकडे ॲप हुबेहूब सारखं दिसतं. पण ब्लूटूथ काही रंगवून मिळत नाही. त्यासाठी डार्ट भाषेतला कोड एक निरोप पाठवतो, पलीकडे कॉटलिनमध्ये लिहिलेला तुकडा तो निरोप घेऊन काम करतो आणि उत्तर परत धाडतो. हा तुकडा तयार मिळाला तर त्याला प्लगिन म्हणतात. म्हणजे कॉटलिन टळत नाही. ते फक्त दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं असतं.

आता पावतीकडे जवळून पाहू. बाजारात मिळणाऱ्या ५८ मिलिमीटर कागदाच्या थर्मल प्रिंटरला इंग्रजी अक्षरं पाठवली की तो आपल्या पोटातल्या ठशांतून ती छापतो. देवनागरीचे ठसे त्यात सहसा नसतात. ‘रिकामे जार: २’ असा मजकूर सरळ पाठवला तर प्रश्नचिन्हं येतात, नाहीतर चिनी अक्षरं. चिनी अक्षरं दिसली की समजावं, प्रिंटर आपले बाइट त्याच्या मूळ चिनी तक्त्यानुसार वाचतो आहे. केबल, बॅटरी तपासत बसू नये. उपाय एकच: पावती आधी फोनमध्ये चित्र म्हणून रेखाटायची आणि प्रिंटरला चित्र पाठवायचं. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या जुळवण्याचं काम तेव्हा फोन करतो आणि ते बरोबर करतो.

या प्रिंटरची छापण्याची रुंदी ४८ मिलिमीटर असते आणि दर मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे एका ओळीत ३८४ ठिपके. काळा ठिपका १, पांढरा ०. आठ ठिपक्यांचा एक बाइट धरला तर एका ओळीला ४८ बाइट लागतात. पावती ७२ मिलिमीटर लांब असेल तर ५७६ ओळी, एकूण २७,६४८ बाइट. तोच मजकूर इंग्रजीत जेमतेम पाचशे बाइटमध्ये मावला असता. स्वस्त प्रिंटरची आतली स्मृती तोकडी असते. सगळं चित्र एका दमात ओतलं की वरचा अर्धा भाग नीट छापतो आणि खाली कचरा सुरू होतो. म्हणून २४ ओळींची एकेक पट्टी करावी, प्रत्येकीआधी पुढचे आठ बाइट जोडावेत आणि दोन पट्ट्यांमध्ये थोडं थांबावं:

```
1D 76 30 00 30 00 18 00
```

यातला `30 00` म्हणजे रुंदी ४८ बाइट आणि `18 00` म्हणजे उंची २४ ओळी. ५७६ ओळींच्या अशा नेमक्या २४ पट्ट्या होतात. थांबा किती हवा हे त्या प्रिंटरवरच ठरतं. २० मिलिसेकंदांपासून सुरू करून कचरा थांबेपर्यंत वाढवत न्यावं.

इथवरचं काम दोन्हीकडे सारखंच जमतं. चित्र रेखाटायला अँड्रॉइडकडे `StaticLayout` आहे, फ्लटरकडे `TextPainter` आहे, आणि देवनागरी दोघांनाही नीट येते. वाटा फुटतात त्या बाइट प्रिंटरपर्यंत नेताना. कॉटलिनमध्ये तो भाग एवढाच:

```kotlin
val spp = UUID.fromString(
    "00001101-0000-1000-8000-00805F9B34FB")
val socket = device.createRfcommSocketToServiceRecord(spp)
socket.connect()
for (strip in strips) {
    socket.outputStream.write(strip)
    delay(20)
}
```

`connect()` जोडणी होईपर्यंत अडून बसतो, त्यामुळे हे `Dispatchers.IO` वरच चालवायचं. मुख्य धाग्यावर चालवलं तर पडदा गोठतो आणि थोड्या वेळाने फोन ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ असं सांगतो. अँड्रॉइड १२ पासून `BLUETOOTH_CONNECT` ही परवानगी वापरणाऱ्याकडून मागून घ्यावी लागते. ती नसेल तर `SecurityException` येते. चूक कुठे आहे ते लगेच दिसतं आणि दुरुस्तीही आपल्याच फाइलमध्ये होते.

फ्लटरमध्ये हेच प्लगिनवर सोपवलं, की प्लगिन कोण सांभाळतंय यावर सगळं येतं. २०२३ मध्ये अँड्रॉइडच्या बिल्डव्यवस्थेची आठवी आवृत्ती आली आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये `namespace` लिहिणं सक्तीचं झालं. ज्या प्लगिनांकडे कुणी बघत नव्हतं, ती घेतलेली ॲप्स बिल्डच होईनात. ‘Namespace not specified’ हा संदेश दिसला तर आपल्या कोडमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नसतो. प्लगिनची नवी आवृत्ती घ्यायची किंवा त्याची प्रत काढून स्वतः दुरुस्त करायची. त्या दिवशी टीममधल्या कुणाला तरी कॉटलिन आणि ग्रेडल यावंच लागतं. असे प्रसंग एकदाच येत नाहीत. प्ले स्टोअर दर वर्षी नव्या अँड्रॉइडला लक्ष्य करायला सांगतं, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढच्या आवृत्तीला लक्ष्य करणाऱ्या ॲपमधल्या यंत्रभाषेतल्या `.so` फाइल स्मृतीच्या १६ केबी पानांवर चालणाऱ्या असाव्या लागतात. निव्वळ कॉटलिन ॲपमध्ये अशा फाइल नसल्या तर या नियमाशी काही घेणंदेणं नाही. फ्लटरचं इंजिन स्वतःच `.so` असल्याने फ्लटरची नवी आवृत्ती आणि तशी प्रत्येक प्लगिनची आवृत्ती पाहावी लागते. म्हणून प्लगिन निवडताना किती जणांनी पसंत केलंय यापेक्षा शेवटची आवृत्ती कधी आली ते बघावं, आणि त्याच्या `android` फोल्डरमधला कोड उघडून वाचावा. तो आपल्याला कळत नसेल, तर ते आपल्या यादीतलं सर्वात धोक्याचं कलम आहे.

‘पण उद्या आयफोनवरही चालेल ना?’ हा युक्तिवाद या ॲपला लागू पडत नाही. स्वस्त प्रिंटर बहुधा जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ बोलतात, आणि आयफोनमधलं ॲप त्या मार्गाने फक्त ॲपलच्या एमएफआय कार्यक्रमात मान्यता मिळालेल्या उपकरणांशी बोलू शकतं. कोड एकच लिहिला तरी प्रिंटर बदलावा लागेल. शिवाय फेरीवरच्या मुलांच्या हातात अँड्रॉइडच आहे. या ॲपसाठी मी नि:शंकपणे कॉटलिन निवडेन.

वेगावरून मात्र निर्णय करू नये. अशा याद्या आणि फॉर्म दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर दोन्हीकडे सुरळीत चालतात. घोळ होतो तो तुलना करताना. डीबग बिल्ड दोन्हीकडे मुद्दाम सैल ठेवलेला असतो, त्यात फ्लटर अडखळतं आणि कॉटलिनमध्ये पडदे रचायची कंपोज लायब्ररीही. `flutter run --profile` किंवा कॉटलिनचा रिलीज बिल्ड घेऊन, फेरीवर वापरतात तसल्याच फोनवर पाहावं.

आता तोच व्यवसाय, पण पहिलं ॲप गिऱ्हाइकांसाठी असतं तर? जार मागवणं, महिन्याचं बिल, यूपीआयने पैसे, ‘जार निघाले’ ही सूचना. पाम बीच रोडवरच्या सोसायट्यांत आयफोनवाले सोडून चालणार नाही. यादीत फोनच्या पोटाशी जाणारं जवळपास काही नाही, आणि पडदे दहा-बारा. तिघांनी हे कॉटलिन आणि स्विफ्ट अशा दोन भाषांत दोनदा लिहायचं, दोनदा तपासायचं, हा भार सोसवणारा नाही. इथे फ्लटर सरळ जिंकतं. तरी ‘एकच कोड’ म्हणजे एकच काम नव्हे. आयफोनचं ॲप बांधायला मॅक लागतो, ॲपलची वर्षाला ९९ डॉलर फी असते (गूगलची एकदाच २५), आणि सूचनांसाठी ॲपलची वेगळी किल्ली फायरबेसमध्ये चढवावी लागते. यूपीआयचंही तसंच. अँड्रॉइडवर `upi://pay` दुवा उघडला की फोनमधल्या सगळ्या यूपीआय ॲप्सची यादी समोर येते. आयफोन अशी निवड देत नाही, म्हणून प्रत्येक पेमेंट ॲपचं बटण स्वतः मांडावं लागतं. एकूण वेळापत्रकात आयफोनच्या या कामांना वेगळा आठवडा धरावा.

कॉटलिनने सुरुवात केली म्हणून आयफोनचं दार बंद होत नाही. कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्म नोव्हेंबर २०२३ पासून स्थिर आहे. बिलाचा हिशेब, नोंदी साठवणं आणि सर्व्हरशी जुळवणं एवढा भाग अँड्रॉइडच्या लायब्ररींपासून वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवला, तर पुढे तो आयफोनच्या ॲपलाही वापरता येतो. मात्र पडदा आणि हिशेब एकाच फाइलमध्ये कालवलेले असतील तर ही सोय मिळत नाही, म्हणून ही वाटणी पहिल्या दिवसापासून करावी.

यादी करूनही मत ठरत नसेल, तर तिच्यातलं सर्वात अवघड कलम घेऊन तीन दिवस द्यावेत. जारच्या ॲपमध्ये ते कलम म्हणजे पावती. पडदा एक, बटण एक. खरा प्रिंटर आणि खरा फोन. पन्नास मराठी पावत्या लागोपाठ छापायच्या, मध्येच प्रिंटर बंद करून चालू करायचा, परवानगी नाकारून पाहायची, ॲप मागे टाकून परत यायचं. फ्लटरच्या प्लगिनने हे सगळं पार पाडलं आणि त्याचा `android` फोल्डर टीममधल्या एकाला तरी नीट वाचता आला, तर फ्लटर घ्यायला हरकत नाही. तीन दिवस प्लगिनच्या तक्रारींची पानं चाळण्यात गेले, तर चौथ्या दिवशी कॉटलिनचा प्रकल्प उघडावा.