चलनशीलता परीक्षा, जंतूंची : लोंबता थेंब व अर्धघन टोचणी

जंतू द्रवात कशाभिकांच्या साहाय्याने स्वतःहून पोहतो की नाही, हे ठरवण्याच्या प्रयोगशाळेतील दोन परीक्षा. पहिलीत संवर्धनाचा थेंब काचेखाली लोंबता ठेवून पोहणे सूक्ष्मदर्शकातून पाहतात. दुसरीत मऊ आगरात सरळ तारेने टोचतात आणि जंतू टोचरेषेच्या बाहेर पसरला का, हे दुसऱ्या दिवशी नुसत्या डोळ्यांनी पाहतात. दोन्ही परीक्षांना एकच अडचण सोडवायची असते : पाण्यातला मेलेला जंतूसुद्धा थरथरतो.

लोंबत्या थेंबाचे श्रेय बहुधा रॉबर्ट कॉख यांना दिले जाते. काळपुळीवरील १८७६ सालच्या कामात त्यांनी गुरांच्या डोळ्यातील जलद्रवाच्या थेंबात जंतू वाढताना पाहिले. मात्र बुरशीचे अभ्यासक अशी ओलसर बंद कोठी त्याआधीही वापरत होते, त्यामुळे ‘शोध’ म्हणण्यापेक्षा कॉख यांनी ही रीत जंतुशास्त्रात रुजवली असे म्हणणे अधिक रास्त वाटते. शिवाय काळपुळीचा जंतू मुळात पोहतच नाही. म्हणजे कॉख यांच्या हाती हा थेंब वाढ पाहण्यासाठी होता. चलनशीलतेची परीक्षा हा त्याचा नंतरचा उपयोग. अर्धघन माध्यमाचा वंश त्या मानाने सरळ आहे. विषमज्वराचा जंतू ओळखण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मऊ माध्यमे वापरात आली, आणि टिट्स्लर व सँडहोल्झर यांनी १९३६ मध्ये ०·४ टक्के आगराची टोचणी मांडली. आज चालते ती बव्हंशी त्याच घडणीची.

थरथरीचे मूळ जंतूत नसते, पाण्यात असते. पाण्याचे रेणू सर्व बाजूंनी कणावर आदळतात, पण प्रत्येक क्षणी सारख्या जोराने नाही; म्हणून कण जागच्या जागी नाचतो. रॉबर्ट ब्राउन यांना १८२७ मध्ये परागातील सूक्ष्म कणांत ही हालचाल दिसली तेव्हा ती सजीवपणाची खूण असावी, असा तर्क सुचणे साहजिक होते. त्यांनी काच व खडक यांची पूड करून पाहिली, तर तीही तशीच नाचली. चलनशीलतेच्या परीक्षेत मेलेल्या जंतूंचा तुलना-थेंब ठेवतात, तो याच युक्तीचा वारस.

फरक हिशेबाने उघड होतो. एक मायक्रोमीटर व्यासाचा कण पाण्यात ब्राउनीय गतीने एका सेकंदात सरासरी सव्वा मायक्रोमीटरच्या आसपास सरकतो. दहा सेकंदांत मात्र तो दहापट सरकत नाही, तिप्पटीहून थोडाच अधिक, सुमारे चार मायक्रोमीटर जातो. कारण भटकंतीचे अंतर काळाच्या वर्गमुळाने वाढते. आतड्यातील *एश्चेरिकिया कोलाय* एका सेकंदात सुमारे वीस मायक्रोमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या दहापट पोहतो. तेवढेच अंतर भटकत कापायला कणाला चार मिनिटांच्या आसपास लागतील. म्हणून निरीक्षकाने ‘हलतो का’ असे न विचारता ‘दहा सेकंदांपूर्वी ज्या शेजाऱ्याजवळ होता, त्याच्याजवळ अजून आहे का’ असे विचारावे.

थेंबासाठी चार ते सहा तासांचे कोवळे पेप्टोन-पाण्यातले संवर्धन घेतात. रात्रभर ठेवलेल्या संवर्धनात पुष्कळ जंतू थकलेले असतात. कव्हरस्लिपच्या चार कडांना व्हॅसलिन, मध्ये लहान थेंब, वर खळगा असलेली काचपट्टी उलटी ठेवून अलगद दाबायची आणि झटकन सुलटी करायची. आधी दहाच्या वस्तुभिंगाखाली थेंबाची कड शोधावी, मग चाळीसचे भिंग आणावे आणि प्रकाश बराच कमी करावा. नवशिक्याला काही दिसत नाही, ते बहुतेक वेळा झगझगीत उजेडामुळे.

विदर्भातल्या खेड्यापाड्यांतील प्रयोगशाळांत एप्रिल-मे महिन्यांत या रीतीला वेगळेच विघ्न येते. पारा पंचेचाळीसला टेकला की व्हॅसलिन पातळ होऊन ओघळते, कडेला फट पडते आणि थेंब आटू लागतो. आटत्या थेंबात पाणी कडेकडे वाहते व सारे जंतू त्याच्याबरोबर वाहत जातात. विद्यार्थी आनंदाने ‘पोहतात’ असे लिहून मोकळा होतो. ओळखायची खूण सोपी : वाहताना सगळे एकाच दिशेने, एकाच वेगाने जातात आणि त्यांच्यातली आपापसांतली अंतरे बदलत नाहीत. खऱ्या पोहण्यात एक इकडे, दुसरा तिकडे जातो, मध्येच गिरकी घेऊन तिसरी दिशा धरतो. शंका आली की नवा थेंब करावा. व्हॅसलिन सकाळी, गार असताना लावलेले बरे.

अर्धघन टोचणीत हा भ्रम शिरत नाही. वर दिलेल्या हिशेबाने, अगदी मोकळ्या पाण्यातही चोवीस तासांत कण ब्राउनीय गतीने अर्धा मिलिमीटरही दूर जात नाही, आणि आगराच्या जाळ्यात तर त्याहून कमी. म्हणून टोचरेषेपासून कित्येक मिलिमीटर पसरलेला धुकट ढग हे पोहण्याचेच चिन्ह होय. तार सरळच हवी, आणि आत गेली त्याच वाटेने बाहेर यावी. वळलेल्या तारेने माध्यम फाटले की न पोहणारा जंतूही भेगेत वाढून ढगाचा आभास देतो. वाचताना शेजारी न टोचलेली नळी धरावी. कडक वायुजीवी जंतू फक्त वरच्या थरात वाढतात, तिथे ढग वरच शोधावा. टेट्राझोलियम घातले की वाढ लाल होऊन वाचणे सोपे जाते, पण काही जंतूंची वाढ त्याने रोखली जाते.

तापमानाबाबत छापील सूचना फसवी ठरते. ग्रंथांत ‘खोलीचे तापमान’ म्हणजे २२ ते २५ अंश. *लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस* त्या तापमानाला पृष्ठभागाखाली छत्रीसारखा पसरतो, ३७ अंशांना जवळपास पसरत नाही. अकोला-चंद्रपूरकडची मे महिन्यातली खोली कूलर लावूनही त्या २२ अंशांची होत नाही. नळी आत गारवाही राखणाऱ्या बीओडी इनक्युबेटरमध्येच ठेवावी लागते.

उदाहरणादाखल गावच्या विहिरीच्या पाण्यातून वेगळे केलेले दोन जंतू घेऊ. दोघांच्या मॅकॉन्की आगरावर गुलाबी, लिबलिबीत वसाहती. दोघे इंडोल-नकारी, सायट्रेट-होकारी. पहिल्या थेंबात सगळे जंतू डावीकडे सरकताना दिसले, तो निकाल धरला नाही. नव्या, नीट बंद केलेल्या थेंबात पहिल्या जंतूचे बरेच दांडू नुसते थरथरत होते, पण अधूनमधून एखादा शेजाऱ्यांना ओलांडून जाऊन परत वळत होता. एवढे पुरे, सगळ्यांनी पोहावे अशी अट नाही. दुसऱ्या जंतूच्या थेंबात दहा मिनिटे पाहूनही सगळे आपापल्या जागी डुलत होते, फॉर्मॅलिनने मारलेल्या तुलना-थेंबासारखेच. दुसऱ्या दिवशी पहिल्या नळीत तळापर्यंत ढग, दुसरीत पांढरी रेघ. ऑर्निथिन व युरिएज या चाचण्या जोडल्यावर पहिला *क्लेब्सिएला एरोजेनीस* व दुसरा *क्लेब्सिएला न्यूमोनिए* ठरतो. यातला पहिला जंतू २०१७ पर्यंत सर्रास *एंटरोबॅक्टर* मानला जाई. ‘क्लेब्सिएला पोहत नाही’ हे जुन्या पाठ्यपुस्तकांतले वाक्य त्या नामांतरानंतर जसेच्या तसे वापरता येत नाही. ते *न्यूमोनिए*पुरते धरावे.