कीवर्ड प्लॅनरमधली ‘कमी स्पर्धा’ आणि पहिल्या पानावरची खरी स्पर्धा

नवा ब्लॉग सुरू करणारा लेखक बहुधा गुगल कीवर्ड प्लॅनर हे शोधशब्द सुचवणारे साधन उघडतो, ज्या शब्दांपुढे Competition या रकान्यात Low असे लिहिलेले असते तेवढे निवडतो आणि त्यांवर लेख लिहू लागतो. पुढे लेख निघत राहतात, पण वाचक येत नाहीत, कारण तो रकाना जाहिरातदारांचा असतो. एखाद्या शब्दावर जाहिरात दाखवण्यासाठी किती जण बोली लावत आहेत, एवढेच तो सांगतो. जाहिरातींखाली येणाऱ्या नैसर्गिक निकालांत जागा मिळवणे किती अवघड आहे, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही.

‘15 ऑगस्ट भाषण मराठी’ हा शोध पाहा. भाषण वाचणाऱ्या विद्यार्थ्याला विकण्यासारखे काहीच नसल्यामुळे त्यावर बोली लावण्यात कोणाला फारसा रस नसतो आणि जाहिरातीची स्पर्धा कमी दिसणे साहजिक असते. मात्र दर वर्षी ऑगस्टच्या तोंडावर मोठी वृत्तपत्रे आणि शालेय संकेतस्थळे याच विषयावर मजकूर टाकतात, त्यामुळे ओळख नसलेल्या ब्लॉगला तेथे शिरकाव मिळणे कठीण असते. याच्या उलट, एखाद्या यंत्राच्या किमतीविषयीच्या शोधावर विक्रेते भरपूर बोली लावत असतील, तरी त्या यंत्राच्या एखाद्या विशिष्ट बिघाडावर मराठीत धड एकही लेख नसू शकतो.

यावर अनेक जण अहरेफ्ससारख्या सशुल्क साधनातील ‘कीवर्ड डिफिकल्टी’कडे वळतात. हा आकडा नैसर्गिक निकालांविषयीच असतो, म्हणून तो अधिक उपयोगी आहे. तरी त्याचीही मर्यादा आहे. अहरेफ्समध्ये तो मुख्यतः निकालांत पहिल्या दहा क्रमांकांवर असलेल्या पानांना किती वेगवेगळ्या संकेतस्थळांनी दुवे दिले आहेत, यावरून काढला जातो. वृत्तपत्राच्या एखाद्या लेखाला स्वतःचा असा एकही बाहेरचा दुवा नसला, तर आकडा शून्याजवळ राहतो, पण त्या लेखामागे उभ्या असलेल्या अख्ख्या संकेतस्थळाचे वजन त्यात येत नाही. मराठीतील बऱ्याच शोधांबाबत हे घडते, म्हणून मराठी शब्दापुढचा शून्य पाहून हुरळून जाऊ नये, असे माझे मत आहे.

खरा निवाडा गुगलच्या निकालांच्या पहिल्या पानावरच होतो. समजा, ब्लॉग गच्चीवरील बागेचा आहे आणि विषय कढीपत्ता आहे. गुगलच्या शोधपेटीत ‘कढीपत्ता’ लिहून एक जागा सोडावी आणि पुढे एकेक अक्षर टाकत कोणत्या सूचना येतात ते टिपावे. हेच रोमन लिपीतही करावे, कारण ‘kadipatta’ असे टाइप करून मराठीत शोधणारे पुष्कळ आहेत. या यादीतून दोन उमेदवार घेऊ: ‘कढीपत्ता खाण्याचे फायदे’ आणि ‘कुंडीतील कढीपत्त्याची पाने पिवळी का पडतात’. पहिला तीन शब्दांचा असला तरी तो लाँग-टेल, म्हणजे थोडेच लोक करतात असा नेमका शोध, मानू नये, कारण ‘कढीपत्त्याचे फायदे’ हाच तो शोध थोड्या वेगळ्या शब्दांत आहे. फायद्यांचे हे दोन्ही शोध खाजगी विंडोमध्ये शेजारी-शेजारी उघडावेत. पहिल्या दहांतील बहुतेक पाने तीच निघाली, तर गुगल त्यांना एकच मागणी समजत आहे आणि त्या पानांशीच झुंज द्यावी लागणार आहे.

दुसऱ्या उमेदवाराच्या पहिल्या पानावर काय आहे ते शीर्षकांपुरते न पाहता आत जाऊन पाहावे. वर आलेला लेख सर्वसाधारण ‘कढीपत्ता लागवड’ असा असून पिवळ्या पानांवर त्यात दोनच ओळी असतील, निकालांत इंग्रजी पाने किंवा केवळ व्हिडिओ मिसळले असतील, किंवा प्रश्नोत्तरांच्या चर्चा वर आल्या असतील, तर नेमके उत्तर देणाऱ्या पानाची जागा रिकामी आहे असे समजावे. ज्याने स्वतः कुंडी पाहिली आहे, त्याला जादा पाणी, कुंडीच्या तळाचे बुजलेले छिद्र आणि लोहाची कमतरता यांतला फरक छायाचित्रांसह दाखवता येतो. जोडीला गुगलच्या शोधपेटीत असे लिहून शीर्षकांची झडती घेता येते:

```
allintitle:कढीपत्ता पाने पिवळी
```

निकाल मोजकेच आले म्हणजे या शब्दांच्या शीर्षकाची पाने थोडी आहेत, इतकाच त्याचा अर्थ. ‘कढीपत्त्याची’सारखी विभक्तीची रूपे वेगळी टाकून पाहावी लागतात. प्लॅनरने अशा शब्दाला शोधसंख्या दाखवली नाही म्हणून तो सोडून देऊ नये, कारण क्वचित शोधल्या जाणाऱ्या शब्दांची नोंद अशा साधनांत नीट होत नाही. गुगलच्या सूचनांत तो येत असेल, तर कोणीतरी ते विचारत आहे.

लेख टाकल्यानंतर काही आठवड्यांनी, आपली पाने कोणत्या शोधांत दिसली हे सांगणाऱ्या गुगल सर्च कन्सोलमधील Queries ही यादी पाहावी. अकराव्या ते विसाव्या स्थानाच्या आसपास दिसणारे शब्द त्यात सापडले, तर लेखात त्या शब्दांचे उत्तर वेगळ्या उपशीर्षकाखाली देता येते. लेख गुगलच्या सूचीत आलेला असूनही तो निकालांत दिसल्याची नोंदच होत नसेल, तर शब्द निवडताना पहिले पान नीट वाचले होते का, हे तपासून नवा उमेदवार घ्यावा.