व्हायवाचं रेकॉर्डिंग अपलोड होत नाही? आधी हे वाचा

(प्रबंध छपाई, बाइंडिंग आणि सबमिशनच्या फाइल्स तयार करून देणाऱ्या आमच्या केंद्राच्या ग्राहकांसाठी)

प्रबंधाच्या पाच प्रती बांधून झाल्या, व्हायवा उत्तम झाला, आणि आता फक्त रेकॉर्डिंग पोर्टलवर चढवायचं राहिलं आहे, अशा टप्प्यावर अडकलेले विद्यार्थी आमच्याकडे वरचेवर येतात. नेट वाईट आहे किंवा पोर्टल बंद पडलं आहे, असा बहुतेकांचा समज असतो. कधी कधी तसं असतंही. पण बऱ्याचदा अडचण फाइलमध्येच असते आणि ती दोन गोष्टींची असते: कंटेनर आणि बिटरेट. या दोन्ही समजल्या की काम तासाभरात उरकतं. गेल्या सत्रात मृदा रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एक ताई आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या परवानगीने त्यांचीच हकीकत इथे सांगतो, कारण त्यांना आलेली प्रत्येक अडचण आम्ही इतरांच्याही बाबतीत पाहिली आहे.

त्यांचा व्हायवा १ तास ४० मिनिटं चालला. लॅपटॉपवर ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम लावून स्लाइड्स, कोपऱ्यात कॅमेरा आणि माइकचा आवाज असं रेकॉर्डिंग केलं होतं. फाइल झाली ४.६ जीबीची, नावाच्या शेवटी `.mkv`. विद्यापीठाच्या पोर्टलची अट होती: फक्त `.mp4`, जास्तीत जास्त ५०० एमबी. पोर्टलने एमकेव्ही फाइल निवडूच दिली नाही. मग त्यांनी फाइलवर राइट क्लिक करून नाव बदललं आणि शेवटी `.mp4` लिहिलं. आता फाइल निवडता आली. रात्री अपलोड लावून त्या झोपल्या. सकाळी पाहतात तर लॉगिन संपलेलं आणि फाइल नापास. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. झिप करून पाहिलं तर आकार जेमतेम हलला. व्हिडिओ आधीच दाबून साठवलेला असतो, त्यामुळे झिपला त्यात काढून टाकण्यासारखं फारसं काही सापडत नाही. शेवटी पेनड्राइव्हवर घालून विभागात द्यावं म्हटलं, तर विंडोज म्हणे फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह ६४ जीबीचा आणि जवळपास रिकामा! तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. त्या पद्धतीत एकच फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, मग जागा कितीही मोकळी असो. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की हा अडसर जातो. फक्त त्याआधी आतला डेटा दुसरीकडे काढून ठेवा, तो पुसला जातो.

नाव बदलून फाइल बदलत नाही

काउंटरवर आम्ही आधी फाइलच्या आत डोकावलो. एफएफप्रोब नावाचं मोफत साधन आहे, ते फाइलचं नाव न बघता आतला मजकूर वाचतं. त्याने दाखवलेल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

```
Input #0, matroska,webm, from 'viva.mp4':
  Duration: 01:40:00.00, start: 0.000000, bitrate: 6160 kb/s
```

पहिली ओळ नीट बघा. नाव `viva.mp4`, पण आत `matroska`, म्हणजे एमकेव्हीच. कंटेनर हा डब्यासारखा असतो: त्यात चित्राचा प्रवाह, आवाजाचा प्रवाह आणि कुठलं दृश्य फाइलमध्ये कुठे आहे याची सूची एकत्र ठेवलेली असते. एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही हे असे वेगवेगळे डबे. ताईंनी फक्त डब्यावरची चिठ्ठी बदलली होती. वरवर तपासणाऱ्या पोर्टलने चिठ्ठी वाचून फाइल आत घेतली असती, पण नंतर सर्व्हरने डबा उघडला की गाडी अडलीच असती.

डबा खरोखर बदलायचा असेल तर चित्र आणि आवाज जसेच्या तसे उचलून दुसऱ्या डब्यात ठेवावे लागतात. याला रीमक्स म्हणतात. ओबीएसमध्येच `File` मेनूत `Remux Recordings` हा पर्याय आहे. आम्ही फाइलचं नाव परत `viva.mkv` करून एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमने करतो:

```
ffmpeg -i viva.mkv -c copy -movflags +faststart viva.mp4
```

इथे `-c copy` म्हणजे काहीही पुन्हा दाबू नको, फक्त नक्कल कर. म्हणून दर्जा तसूभरही कमी होत नाही, आणि पावणेदोन तासांचं रेकॉर्डिंगसुद्धा चहा होईपर्यंत तयार होतं. `faststart` मुळे सूची फाइलच्या सुरुवातीला येते, त्यामुळे ब्राउझरमध्ये व्हिडिओ लगेच सुरू होतो. परीक्षकांना ते बरं पडतं.

एक सावधगिरी. डबा बरोबर असूनही आतलं चित्र चालत नाही, असंही होतं. काही फोन व्हिडिओ एचईव्हीसी या कोडेकमध्ये, म्हणजे चित्र दाबायच्या एका पद्धतीत, साठवतात. तो एमपी४ मध्ये ठेवला तरी काही संगणकांवर नुसता आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. अशा वेळी रीमक्स पुरत नाही, चित्र एच.२६४ मध्ये पुन्हा बनवावं लागतं. ताईंचं रेकॉर्डिंग आधीपासून एच.२६४ मध्येच होतं, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

आकार ठरतो तो बिटरेटने

रीमक्स झाल्यावर ताईंनी पहिली गोष्ट पाहिली ती आकार. ४.६ जीबी, होता तेवढाच! आणि तो तसाच राहणार होता, कारण फाइल किती मोठी होणार हे कंटेनर ठरवत नाही. ते ठरतं एका सेकंदाला किती माहिती साठवली त्यावर. तोच बिटरेट, आणि तो वरच्या दुसऱ्या ओळीत लिहिलेला आहे: सेकंदाला ६१६० किलोबिट. त्यातले ६००० चित्राचे आणि १६० आवाजाचे, ओबीएसमध्ये तसं सेटिंग केलेलं होतं.

हिशेब शाळेतला आहे. १ तास ४० मिनिटं म्हणजे ६००० सेकंद. ६१६० ला ६००० ने गुणा आणि ८ ने भागा, कारण ८ बिटांचा एक बाइट होतो. उत्तर येतं ४६,२०,००० किलोबाइट, म्हणजे ४.६२ जीबी. (विंडोज हाच आकार ४.३० जीबी दाखवतं. त्याची मोजण्याची पद्धत वेगळी आहे, फाइल तीच.) रात्रभराचं कोडंही इथेच सुटतं. घरच्या नेटचा अपलोड वेग सेकंदाला ५ मेगाबिट असेल, तर ही फाइल जायला दोन तासांहून जास्त लागतात, तेही मध्ये एकदाही खंड न पडता. तोवर लॉगिनची मुदत संपली की सगळं पाण्यात.

आता हिशेब उलटा करा. ५०० एमबी म्हणजे ५,००,००० किलोबाइट. ८ ने गुणून ६००० ने भागलं की सेकंदाला ६६६ किलोबिट मिळतात. एवढ्यात चित्र, आवाज आणि डब्याची स्वतःची थोडी जागा, सगळं बसायला हवं. आम्ही काठावर जात नाही. ६०० च्या आत राहायचं ठरवलं: आवाजाला ६४, चित्राला ५३०. एका माणसाचं बोलणं ऐकायला ६४ किलोबिटांचा मोनो आवाज पुरेसा असतो. आवाजात याहून जास्त काटकसर मात्र करू नका. परीक्षकांचा प्रश्न ऐकू आला नाही तर त्या रेकॉर्डिंगचा उपयोग काय?

६००० वरून ५३० वर आल्यावर चित्र टिकतं का?

ताईंचाही हाच प्रश्न होता आणि तो रास्त होता. उत्तर रेकॉर्डिंगमध्ये काय आहे यावर अवलंबून असतं. स्लाइड दोन-दोन मिनिटं जागची हलत नाही, आणि जे हलत नाही ते साठवायला एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबणाऱ्या प्रोग्रॅमला, फार कमी बिट लागतात. त्यांच्या सेटिंगमध्ये बिटरेट स्थिर ठेवलेला होता, त्यामुळे थांबलेल्या स्लाइडवरही सेकंदाला ६००० किलोबिट खर्च होत होते. उलट सभागृहात मागून कॅमेरा लावून, माणसांच्या हालचालींसकट केलेलं चित्रण ५३० मध्ये चांगलं दिसत नाही. तिथे आम्ही चित्राची उंची ७२० किंवा ४८० ओळींवर आणायला सांगतो.

आम्ही संपूर्ण फाइल लगेच रूपांतरित करत नाही. आधी सगळ्यात गिचमीड स्लाइडच्या जागेवरून एक मिनिट कापून घेतो. ताईंकडे एक तक्ता होता, मातीच्या नमुन्यांमधलं झिंक आणि बोरॉन, प्रत्येक आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत. ७२० ओळींवर तो काढला तेव्हा दशांशाचे ठिपके पुसट झाले; ०.४८ आहे की ०.४६, हे डोळे ताणून बघावं लागत होतं. म्हणून १०८० ओळी तशाच ठेवल्या आणि सेकंदाला ३० ऐवजी १५ फ्रेम घेतल्या. तक्ता स्वच्छ वाचता आला. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत ताई हात हलवतात तिथे किंचित धक्का जाणवतो, पण तो कुणाला खटकणारा नाही. स्लाइड्सच्या रेकॉर्डिंगसाठी आमचं मत ठाम आहे: आधी फ्रेम कमी करा, अक्षरांचा आकार सगळ्यात शेवटी.

मग दोन फेऱ्यांत एन्कोडिंग केलं. पहिल्या फेरीत प्रोग्रॅम सगळं रेकॉर्डिंग चाळून कुठे किती बिट लागतील याचा अंदाज घेतो, दुसरीत तसं वाटप करतो. आकार ठरलेला असतो तेव्हा हीच पद्धत वापरावी. विंडोजवर आज्ञा अशा:

```
ffmpeg -y -i viva.mkv -vf fps=15 -c:v libx264 -b:v 530k -pass 1 -an -f null NUL
ffmpeg -i viva.mkv -vf fps=15 -c:v libx264 -b:v 530k -pass 2 -c:a aac -b:a 64k -ac 1 -movflags +faststart viva_500.mp4
```

आज्ञा टाइप करायच्या नसतील तर हँडब्रेक हा मोफत प्रोग्रॅम घ्या. त्यात `Avg Bitrate` मध्ये ५३० लिहा, फ्रेम १५ निवडा, आवाज मोनो आणि ६४ वर ठेवा आणि दोन फेऱ्यांचा पर्याय चालू करा. हँडब्रेक नुसता डबा बदलून देत नाही, चित्र नेहमी नव्याने बनवतो, हे मात्र लक्षात असू द्या.

हिशेबाप्रमाणे फाइल ४४५ एमबीच्या आसपास व्हायला हवी होती, आणि तशीच झाली. ताईंनी ती आमच्याच टेबलावरून चढवली. त्याच ५ मेगाबिटांच्या वेगाला तिला बारा मिनिटं पुरतात.

व्हायवा अजून व्हायचा असेल तर

रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्येच करा आणि नंतर रीमक्स करा. साध्या एमपी४ ची सूची रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहिली जाते. मध्येच वीज गेली किंवा लॅपटॉप बंद पडला तर सूची लिहायची राहते, आणि फाइल उघडायला गेलं की `moov atom not found` असा संदेश येतो. अशा फाइल्स वाचवायचे प्रयत्न आम्ही करतो, पण खात्री देता येत नाही. एमकेव्ही असेल तर वीज जाईपर्यंतचा भाग सहसा शाबूत मिळतो.

आमच्याकडे येताना

मूळ फाइल आणा: नाव बदललेली चालेल, ऑनलाइन दाबून घेतलेली नको. एकदा गेलेला तपशील परत येत नाही. पोर्टलवरच्या अटींचा, म्हणजे फाइलचा प्रकार आणि कमाल आकार यांचा, स्क्रीनशॉट सोबत ठेवा. कुठल्या मिनिटाला सगळ्यात बारीक अक्षरांची स्लाइड आहे तेही टिपून आणा, नमुना आम्ही तिथूनच काढतो. नुसतं रीमक्स करायचं असेल तर आम्ही पैसे घेत नाही. नवीन फाइल मिळाल्यावर सुरुवात, मधला भाग आणि शेवट चालवून बघा, आवाज ओठांशी जुळतो का ते पाहा. विभागाकडून फाइल मिळाल्याची पोच येईपर्यंत मूळ रेकॉर्डिंग पुसू नका.