स्ट्रेसची खूण सिलेबलच्या आधीच का मारायची? ट्रान्स्क्रिप्शनच्या वर्कशीटमागची गोष्ट

बीए स्पेशल इंग्लिशला असाल, एमए करत असाल नाहीतर नेट-सेटची तयारी चालू असेल तर ही शीट तुमच्या हातात कधी ना कधी येतेच. दहा-बारा इंग्लिश शब्द दिलेले असतात आणि वर लिहिलेलं असतं की फोनेमिक ट्रान्स्क्रिप्शन करा, सिलेबल पाडा, प्रायमरी स्ट्रेस दाखवा. बहुतेक जण शेवटच्या दोन गोष्टी वेगवेगळी कामं समजून करतात, आधी स्ट्रेस कुठे आहे ते ऐकून घेतात, मग वरची उभी रेघ अंदाजाने कुठेतरी ठेवतात. पण आयपीए या फोनेटिक लिपीमध्ये ही रेघ स्ट्रेस असलेल्या सिलेबलच्या आधी येते, म्हणजे ते सिलेबल नेमकं कुठून सुरू होतं हे ठरवल्याशिवाय ती ठेवताच येत नाही, आणि ही अट काही पहिल्यापासून नव्हती.

डॉ. जॉन्सनच्या 1755 च्या डिक्शनरीत उच्चार वेगळा लिहिलेला नाही, फक्त मूळ शब्दातच एक छोटी खूण आहे आणि ती स्वराच्या नंतर येते. अबॅन्डन या शब्दात ती दुसऱ्या ‘ए’च्या नंतर आणि ‘एन’च्या आधी आहे. जोर कुठल्या स्वरावर आहे एवढंच ती सांगते, सिलेबल कुठे संपलं याबद्दल काहीच बोलत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या पहिल्या आवृत्तीत संपादक मरेसाहेबांनी उच्चार दिला पण स्ट्रेससाठी स्वरानंतर वर उचललेला टिंबच ठेवला, आणि 1989 ची दुसरी आवृत्ती आली तेव्हा त्या डिक्शनरीने आयपीए घेतली आणि खूण सिलेबलच्या आधी गेली. अमेरिकेत वेबस्टरच्या परंपरेत खूण सिलेबल संपल्यावर यायची, ती 1961 च्या थर्ड एडिशनमध्ये पुढे आली. त्यामुळे कॉलेजच्या लायब्ररीतली जुनी डिक्शनरी उघडून स्ट्रेस बघितला आणि शीटवर तसाच उतरवला की उत्तर एका सिलेबलने सरकतं. तपासणाऱ्याला वाटतं मुलाला स्ट्रेस कळला नाही, मुलाला तो बरोबर कळलेला असतो.

सिलेबलच्या आधी खूण मारायची पद्धत रुजवली ती भाषा शिकवणाऱ्या मास्तरांनी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 1886 मध्ये पॅरिसला पॉल पासी या इंग्लिशच्या शिक्षकाने काही शिक्षकांना घेऊन एक संघटना काढली, तीच पुढे इंटरनॅशनल फोनेटिक असोसिएशन झाली, सगळ्या भाषांना एकच लिपी वापरू ही सूचना त्याच वर्षी डेन्मार्कच्या ऑटो येस्पर्सनकडून आली आणि 1888 मध्ये पहिली लिपी छापली गेली. त्यांचं मासिक तर 1970 पर्यंत फोनेटिक लिपीतच छापलं जायचं, लेख, परीक्षणं सगळंच, आणि त्यात विद्यार्थ्यांसाठी वेगळा भाग असायचा, ट्रान्स्क्राइब केलेले उतारे वाचून बघायला. आपली आजची शीट त्याच्याच वंशातली. मोठ्याने वाचणाऱ्या मुलाला जोर द्यायच्या आधी कळायला हवं की आता जोर येतोय, स्वर उच्चारून झाल्यावर खूण दिसली तर तिचा उपयोग काय, म्हणून वर्गात ही जागा सोयीची ठरते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॅनियल जोन्सने हीच पद्धत पुढे नेली आणि 1917 मध्ये त्याची उच्चारांची डिक्शनरी आली, जिच्यामुळे इंग्लिश शिकवणाऱ्या जगभरच्या लोकांना आयपीएची सवय लागली. आपल्याकडचे सिलॅबस आजही याच ब्रिटिश परंपरेतले आहेत, चिन्हं मात्र जोन्सच्या वेळची नाहीत, त्याच्यानंतर ती डिक्शनरी सांभाळणाऱ्या गिम्सनने बदललेली आहेत. जोन्स शिप आणि शीप दोन्हींत एकच चिन्ह वापरायचा, फक्त लांब असेल तर पुढे दोन टिंबं द्यायचा, गिम्सनने आखूड स्वराला वेगळं ɪ दिलं आणि 1977 च्या आवृत्तीपासून तेच त्या डिक्शनरीत आलं. म्हणून खूप जुन्या नोट्सवरून तयार केलेल्या आन्सर की मध्ये आणि आजच्या डिक्शनरीत चिन्हं जुळत नाहीत.

आता एक शब्द घेऊन बघू, प्रत्येक शीटवर असतोच असा. फोटोग्राफ /ˈfəʊtəɡrɑːf/, फोटोग्राफर /fəˈtɒɡrəfə/, फोटोग्राफिक /ˌfəʊtəˈɡræfɪk/. मराठीत आपण तिन्हींमध्ये ‘फो’ आणि ‘टो’ तसेच ठेवतो, इंग्लिशमध्ये मात्र स्ट्रेस सरकला की स्वरच बदलतो, पहिल्या शब्दातला ‘फो’ दुसऱ्यात नुसता ‘फ’ होतो आणि पहिल्यात मिटलेला ‘ट’ दुसऱ्यात ‘टॉ’ होऊन उठतो. यातूनच शीट तपासायची एक पक्की युक्ती मिळते, ती म्हणजे ə वर कधीच स्ट्रेस येत नाही. तुमची रेघ ə असलेल्या सिलेबलच्या आधी पडली असेल तर एकतर रेघ चुकली किंवा स्वर, आपल्या मुलांची नेहमीची चूक मात्र उलटी असते, ə हवा तिथे स्पेलिंग बघून आपण पूर्ण स्वर लिहून टाकतो. तिसऱ्या शब्दात खाली जी छोटी रेघ आहे ती सेकंडरी स्ट्रेसची, तिथे जोर मुख्य सिलेबलपेक्षा कमी आहे पण स्वर मिटलेला नाही. टाइप करताना बऱ्याच जणांकडून उभ्या रेघेच्या जागी साधा अपॉस्ट्रॉफी आणि खालच्या रेघेच्या जागी स्वल्पविराम पडतो, खरी चिन्हं युनिकोडमध्ये U+02C8 आणि U+02CC आहेत.

स्ट्रेस म्हणजे जोरात बोलणं असं वर्गात सांगितलं जातं, तेही पूर्ण खरं नाही. त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात डेनिस फ्रायने 1955 मध्ये ऑब्जेक्ट, परमिट, कॉन्ट्रॅक्ट असे नाम आणि क्रियापद दोन्ही होणारे शब्द घेतले, यंत्राने स्वरांची लांबी आणि आवाजाची ताकद कमीजास्त केली आणि लोकांना विचारलं की नाम ऐकू येतंय की क्रियापद, तर ताकदीपेक्षा लांबीचा परिणाम जास्त निघाला आणि 1958 च्या प्रयोगात सुराची पट्टी बदलणं त्याहून प्रभावी ठरलं. म्हणून कानाने ठरवताना ‘मोठा आवाज’ शोधू नका, सूर कुठे वळतोय आणि स्वर कुठे ताणला जातोय ते ऐका.

सिलेबलची गोष्ट याहून अवघड. अमेरिकेत स्टेटसनने 1928 मध्ये मांडलं होतं की प्रत्येक सिलेबलला छातीचे स्नायू एक झटका देतात, म्हणजे झटके मोजले की सिलेबल मोजून झाले. ऐकायला हे इतकं पटतं की अजूनही काही नोट्समध्ये व्याख्या म्हणून दिलेलं असतं. पण 1950 च्या दशकात लॅडफोगेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्नायूंमधली विजेची हालचाल मोजली तेव्हा हिशोब जुळेना, दोन सिलेबलच्या पिटी या शब्दाला कधी एकच झटका दिसायचा आणि एकाच सिलेबलच्या स्पोर्टला दोन. म्हणजे किती सिलेबल आहेत यावर बहुतेक वेळा एकमत होतं, पण एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे दाखवणारं शरीरातलं काही सापडलं नाही.

आणि नेमकी ती सीमाच शीटवर दाखवायची असते. सिलेबल तोडणारा टिंब 1989 च्या कील परिषदेनंतरच्या आयपीए चार्टमध्ये आहे, त्यानंतर उच्चारांच्या डिक्शनऱ्यांनी सगळीकडे सिलेबल पाडून द्यायला सुरुवात केली आणि लगेच मतभेद उघडे पडले. सर्वात चालणारा नियम असा की दोन स्वरांमधली जितकी व्यंजनं पुढच्या सिलेबलच्या सुरुवातीला बसू शकतात तितकी पुढे ढकला, बसू शकतात म्हणजे इंग्लिश शब्द तशा जोडणीने सुरू होत असला पाहिजे. एक्स्ट्रामध्ये क-स-ट-र अशी चार व्यंजनं आहेत, ‘स्ट्र’ने शब्द सुरू होतो, ‘क्स्ट्र’ने होत नाही, म्हणून /ˈek.strə/. हे छान बसतं. पण सिटी घ्या. नियमाने /ˈsɪ.ti/ व्हायला हवं, आणि ɪ सारख्या आखूड स्वरावर स्ट्रेस असलेलं सिलेबल उघडं संपत नाही, नुसता /sɪ/ असा शब्द इंग्लिशमध्ये नाहीच. म्हणून जॉन वेल्सने 1990 च्या डिक्शनरीत असं व्यंजन शेजारच्या जास्त स्ट्रेस असलेल्या सिलेबलला दिलं, म्हणजे ट मागे गेला आणि /ˈsɪt.i/ झालं. त्याआधी 1976 मध्ये डॅनियल कानने एमआयटीच्या प्रबंधात म्हटलं होतं की असा ट दोन्हीकडचा असतो. परीक्षेत आन्सर की या दोनपैकी कुठली पद्धत मानते ते शिक्षकांनी आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर बरोबर उत्तराचे मार्क जातात. आणखी एक गोंधळ म्हणजे साध्या डिक्शनरीत मूळ शब्दाच्या मध्ये जे टिंब असतात ते ओळीच्या शेवटी शब्द तोडण्यासाठी असतात, ॲपलमध्ये दोन ‘पी’च्या मधोमध टिंब दिसतो, उच्चारात तर प एकच आहे.

काही ठिकाणी मात्र कान पुरावा देतो आणि मराठी माणसाला तो सहज ऐकू येतो, कारण ट आणि ठ यांतला फरक आपल्या भाषेतच आहे. स्ट्रेस असलेल्या सिलेबलच्या अगदी सुरुवातीला ब्रिटिश माणसाचा ट आपल्या ठ कडे झुकतो, पण आधी स जोडलेला असला की तो साधाच राहतो. मिस्टेकमधला ट साधा आहे, म्हणजे स त्याच्यासोबत पुढे गेलाय, /mɪˈsteɪk/. मिसटाइममध्ये तोच ट हवा सोडत येतो, म्हणजे स मागे राहिलाय, /ˌmɪsˈtaɪm/. व्यंजनं दोन्हीकडे स-ट हीच, उभी रेघ मात्र एकदा स च्या आधी आणि एकदा नंतर.

आपल्या मुलांची खरी अडचण अक्षर आणि सिलेबल एकच समजण्यात आहे. देवनागरीत पत्ता लिहिताना आपण प आणि त्ता असं तोडतो, बोलताना पत् आणि ता होतं. पण वृत्तं शिकताना आपण हे बरोबर करत होतो, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू धरा असं मास्तर सांगायचे ते याचमुळे, ते सिलेबल बंद होतं. आणि तीन सिलेबलच्या इंग्लिश नामांचा स्ट्रेस बराचसा याच लघु-गुरूवर चालतो, ही चाल लॅटिनमधून आलेली. शेवटून दुसरं सिलेबल गुरू असेल तर स्ट्रेस त्याच्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर. अजेंडामध्ये ‘जेन्’ बंद म्हणून गुरू, /əˈdʒendə/. अरोमामध्ये ‘रो’ दीर्घ म्हणून गुरू, /əˈrəʊmə/. सिनेमामध्ये मधलं सिलेबल लघु, म्हणून स्ट्रेस मागे जातो, /ˈsɪnəmə/. क्रियापदांना हे लागू नाही आणि नामांतही अपवाद आहेत, कॅलेंडरमध्ये मधलं सिलेबल बंद असूनही स्ट्रेस पहिल्यावर आहे, /ˈkælɪndə/, त्यामुळे शीटवर नियम लावून झाला तरी असा शब्द डिक्शनरीत बघावाच लागतो.